सत्तावन्नवर अडकलेला आकडा

द्राक्षगर्भ निघाला म्हणून पिशवी साफ केल्यावर, घरी सोडताना डॉक्टर मॅडमनी दोन गोष्टी बजावल्या. दर आठवड्याला रक्तातलं बीटा-एचसीजी, म्हणजे गरोदरपणातलं संप्रेरक, तपासायचं, आणि त्या हो म्हणेपर्यंत दिवस राहू द्यायचे नाहीत. पहिली गोष्ट लगेच पटली. दुसरीचा मात्र मला राग आला. जे गर्भारपण हवंहवंसं होतं ते असं संपलं होतं, आणि वर कोणीतरी गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट हातात देत होतं. पिशवीला विश्रांती हवी, अंगात रक्त भरून यायला हवं, अशीच काहीतरी कारणं असतील असं मी धरून चालले. खरं कारण वेगळंच होतं आणि ते मला दोन महिन्यांनी, एका अडकलेल्या आकड्यामुळे नीट कळलं. ते सांगायलाच हे लिहिते आहे, कारण माझ्यासारख्या बऱ्याच जणींना गोळ्या दिल्या जातात, कारण मात्र एका वाक्यात उरकलं जातं.

आधीचं थोडक्यात. तिसरा महिना चालू असताना रक्तस्राव सुरू झाला. उलट्या तर आधीपासूनच अति होत्या. सोनोग्राफीत बाळ दिसलंच नाही, पिशवीभर बारीक बारीक फोडांसारखं काहीतरी दिसलं. त्या दिवशीचं बीटा-एचसीजी २,१०,००० आलं. सक्शनने पिशवी साफ केली, निघालेला भाग बायोप्सीला गेला आणि रिपोर्ट आला, ‘कम्प्लीट मोल’. मराठीत याला द्राक्षगर्भ म्हणतात.

मॅडमनी समजावलं ते असं. स्त्रीबीजात आईची गुणसूत्रंच उरलेली नव्हती. शुक्राणूने आपलीच गुणसूत्रं दुप्पट केली आणि वाढ सुरू झाली. (कधी कधी दोन शुक्राणू शिरूनही असं होतं.) बाळ घडायला दोघांचीही गुणसूत्रं लागतात. नुसत्या वडिलांच्या गुणसूत्रांवर बाळ घडत नाही, पण वारेचा भाग मात्र बेसुमार वाढतो. गरोदरपणात एचसीजी हे संप्रेरक वारेच्याच पेशी बनवतात, म्हणून आकडा लाखांत गेला होता. मी काय खाल्लं, किती दगदग केली, याचा त्यात काही संबंध नव्हता. हे मॅडमनी न विचारताच सांगितलं आणि बरं झालं, कारण विचारायचं धाडस मला झालं नसतं.

अर्धवट द्राक्षगर्भ, म्हणजे ‘पार्शल मोल’, ही थोडी वेगळी गोष्ट. त्यात आईचीही गुणसूत्रं असतात, पण वडिलांकडून दुप्पट येतात. त्यात पुढे त्रास होण्याची शक्यता पुष्कळ कमी असते आणि तपासण्याही लवकर थांबतात. म्हणून बायोप्सीचा रिपोर्ट हातात घ्या आणि आपला प्रकार कुठला ते एकदा विचारून ठेवा. माझं पुढचं सगळं वेळापत्रक त्या एका शब्दावर ठरलं.

आता आकड्यांकडे येते.

पिशवी साफ केल्यावर एका आठवड्याने बीटा-एचसीजी ९,००० झालं. दोन लाखांवरून नऊ हजार, म्हणजे संपलंच, असं मला वाटलं. पुढच्या आठवड्यात २,१००, मग ६४०, मग २१०, मग ९६. मी वहीत आलेख काढायला घेतला होता, पण तो काही कामाचा निघाला नाही. पहिला ठिपका कागदाच्या वरच्या टोकाला, दुसरा पार खाली आणि त्यानंतरचे सगळे तळाच्या रेघेला चिकटलेले. ६४० आणि ९६ यांत काही फरकच दिसेना. मॅडमनी ती वही पाहिली आणि म्हणाल्या, “उतार मोजू नका, प्रमाण मोजा. या आठवड्याचा आकडा मागच्या आठवड्याच्या किती टक्के आहे ते लिहा.” मग वहीत दोन रकाने झाले. ९,००० वरून २,१०० म्हणजे २३ टक्के. २,१०० वरून ६४० म्हणजे ३० टक्के. मग ३३, मग ४६. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली जी आकड्यांत दिसत नव्हती. घसरण चालू होती, पण दर आठवड्याला ती मंदावत होती.

हे का होतं हे विचारल्यावर मिळालेलं उत्तर मला या सगळ्या काळात सर्वांत उपयोगी पडलं. रक्तातलं एचसीजी शरीर भराभर बाहेर टाकतं. साधारण एक ते दीड दिवसात ते निम्मं होतं, शेवटी शेवटी जरा हळू. समजा, सक्शनमध्ये वारेची शेवटची पेशीसुद्धा निघून गेली असती, तर दोन लाख दहा हजार निम्मे, त्याचे निम्मे, असं करत पंधरा-सोळा वेळा निम्मे झाले की आकडा ५ च्या खाली येतो. म्हणजे अगदी सावकाश धरलं तरी महिनाभरात सगळं आटोपायला हवं. माझा महिना संपला तेव्हा आकडा २१० होता. याचा अर्थ जुनं संप्रेरक अंगात साठून राहिलेलं नव्हतं. काही पेशी पिशवीत अजून जिवंत होत्या आणि रोज थोडं थोडं नवीन एचसीजी बनवत होत्या. बहुतेकींमध्ये या उरलेल्या पेशी आपोआप मरून जातात, आणि त्या किती वेगाने मरताहेत हेच दर आठवड्याची तपासणी सांगते. काही जणींमध्ये मात्र त्या मरत नाहीत, पिशवीच्या स्नायूत शिरतात आणि वाढायला लागतात. कम्प्लीट मोलमध्ये असं साधारण १५ ते २० टक्के बायकांमध्ये होतं, आणि मग केमोथेरपी घ्यावी लागते. तीही बहुतेकींना एकाच औषधाची पुरते आणि जवळजवळ सगळ्या बऱ्या होतात. पण ती वेळेवर सुरू व्हायची, तर वाढ सुरू झाल्याचं वेळेवर कळायला हवं. सोनोग्राफीत दिसण्याच्या किंवा छातीत काही उमटण्याच्या कितीतरी आधी ते एचसीजीच्या आकड्यात कळतं. एवढा नेमका खुणेचा पदार्थ फार थोड्या आजारांत मिळतो, असं मॅडम म्हणाल्या. तेव्हा मला ते कौतुक ऐकवत नव्हतं, आज पटतं.

सहाव्या आठवड्यात आकडा ५८ आला. सातव्यात ५५. आठव्यात ५७.

५७ पाहिल्यावर माझे हातपाय गार पडले. उतरायचं सोडून दोनाने का होईना, पण चढला होता. नवऱ्याने “अगं, दोनाने काय होतंय” म्हणून समजूत घातली आणि रात्रभर तोही जागाच होता. दुसऱ्या दिवशी मॅडमकडे गेलो तेव्हा त्या घाबरलेल्या नव्हत्या, पण एरवीसारखा रिपोर्ट बघून वही परतही केली नाही. खुर्ची पुढे ओढून त्यांनी तीन गोष्टी तपासायला घेतल्या.

पहिली, खुद्द तपासणीच फसवते आहे का. त्यांनी तिन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले आणि सगळ्यांत खाली बारीक अक्षरात छापलेली ओळ वाचली, ज्यात तपासणीची पद्धत लिहिलेली असते. मी ती ओळ आजवर पाहिलीच नव्हती. वेगवेगळ्या यंत्रांवर एकाच रक्ताचे आकडे वेगळे येऊ शकतात, म्हणून लॅब एकच ठेवायची आणि तिथेही पद्धत बदललेली नाही ना ते बघायचं. पद्धत तीच होती. मग विचारलं, केसांसाठी, नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेता का? त्या जास्त प्रमाणात घेतल्या तर काही यंत्रांवर आकडा खोटा खाली दिसतो. घेत नव्हते. शिवाय काही जणींच्या रक्तात अशी प्रतिपिंडं असतात की एचसीजी नसतानाही तपासणीत थोडंसं दिसत राहतं. ती लघवीत उतरत नाहीत, म्हणून अशी शंका आली की लॅबमध्ये लघवीतलं एचसीजी मोजून बघतात. माझा आकडा आठवडेच्या आठवडे एका जागी बसलेला नव्हता, तो तर हजारांतून खाली आलेला होता, म्हणून ही शक्यता त्यांनी तूर्त बाजूला ठेवली.

दुसरी गोष्ट विचारताना त्यांनी थेट माझ्याकडे पाहिलं. “गोळी एकही चुकली नाही ना? अगदी खरं सांगा, मी रागावणार नाही.”

एकही चुकली नव्हती. पाकीट पर्समध्येच होतं, ते मी काढून दाखवलं. त्यांनी खरंच पाकीट हातात घेऊन रिकामे कप्पे वारांशी जुळवून पाहिले. मग त्या म्हणाल्या, “चला, म्हणजे निम्मा गुंता सुटला.” कुठला गुंता, ते मी विचारलं, आणि मग त्यांनी माझ्याच वहीच्या मागच्या पानावर जे लिहून दाखवलं ते असं.

धरून चला, गोळी चालू नसती आणि पाचव्या-सहाव्या आठवड्याच्या सुमारास दिवस राहिले असते. हे काही अशक्य नाही. एचसीजी खाली येऊ लागलं की बीज बाहेर पडायला पुन्हा सुरुवात होऊ शकते, आणि ते पाळी येण्याच्या आधी होतं. त्यामुळे अजून पाळीच आलेली नाही, मग कशाला काळजी, हा हिशेब चुकतो. आता सातव्या आठवड्यात जुन्या पेशींचं एचसीजी समजा ३५ पर्यंत उतरलेलं असेल आणि नव्या गर्भाचं नुकतंच २० झालेलं असेल. लॅबला दोन वेगळे आकडे दिसत नाहीत. दोन नळ एकाच बादलीत पडत असतील तर बादलीतल्या पाण्यावरून कुठल्या नळाचं किती ते सांगता येत नाही, तसंच हे. रिपोर्टवर ५५ येणार. हाच तो ५५, जो माझ्या रिपोर्टवर आलेला होता.

पुढच्या काही दिवसांत आकडा वाढायला लागला असता. नव्या गर्भाचं एचसीजी सुरुवातीला दोन-तीन दिवसांत दुप्पट होतं. आजार उलटला, म्हणजे उरलेल्या पेशी वाढू लागल्या, तरीही आकडा वाढतोच. वाढतो आहे यावरून कारण कळत नाही. मग सोनोग्राफी करायची म्हटलं, तर गर्भाची पिशवी दिसायला एचसीजी साधारण दीड-दोन हजारांच्या वर जावं लागतं. तोवर पडदा कोरा. म्हणजे काही आठवडे असे गेले असते की कोणालाच काही ठरवता येत नाही. उपचार सुरू करावेत, तर जे औषध द्यायचं, मेथोट्रेक्सेट, तेच नव्या गर्भाला घातक. थांबावं, तर त्या काळात खरोखर आजार असेल तर तो वाढणार. आणि ते बाळ नीट वाढायला लागलं तरी नऊ महिने एचसीजी वरच राहणार, म्हणजे जुन्या पेशी मेल्या की जिवंत आहेत हे सांगणारी एकमेव खूण त्या सगळ्या काळात निकामी.

गोळ्या एवढ्यासाठी होत्या. पिशवीला विश्रांती द्यायची म्हणून नव्हे, पुढचं बाळ सदोष होईल म्हणूनही नव्हे. आकड्याचा अर्थ एकच निघावा म्हणून. हे पहिल्या दिवशी कोणी असं मांडून सांगितलं असतं तर मी गोळ्या घेताना एवढी कुढले नसते. मॅडमनी सांगितलं नव्हतं असंही नाही. ‘आकड्यात गोंधळ नको’ एवढं त्या बोलल्या होत्या, पण त्या वेळी माझ्या डोक्यात काही शिरण्यासारखी स्थिती नव्हती. सोबत कोणीतरी शांत डोक्याचं माणूस नेणं आणि लिहून घेणं, एवढंच यावर करता येतं.

तिसरी गोष्ट म्हणजे जिची भीती होती तीच. उरलेल्या पेशी वाढताहेत का. सोनोग्राफी झाली, छातीचा एक्स-रे झाला, कारण या पेशी पसरल्याच तर सहसा आधी फुप्फुसात जातात. रक्तस्राव, खोकला, दम लागणं, काही आहे का ते विचारून घेतलं. यातलं काही नव्हतं. पिशवी रिकामी होती. नवऱ्याने विचारलं, “मग पुन्हा एकदा पिशवी साफच करून टाकू या ना, जे असेल ते निघून जाईल.” मलाही तेच वाटत होतं. मॅडमनी नाही म्हटलं. पोकळीत काही दिसत असतं किंवा रक्त जात असतं तर विचार केला असता. उरलेल्या पेशी स्नायूत असतील तर त्या खरवडून निघत नाहीत, आणि या आजारात पिशवीची भिंत मऊ झालेली असते, ती फाटण्याचा धोका आपण विनाकारण घ्यायचा.

“मग आता?” मी म्हटलं.

“आता अजून एक आठवडा.”

नियम त्यांनी सांगितला तो मी वहीत लिहून घेतला. आकडा अडकला असं म्हणायला तीन आठवड्यांच्या अंतरात घेतलेले चार आकडे लागतात, आणि ते एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत फिरत असायला हवेत. वाढला असं म्हणायला दोन आठवड्यांतले तीन आकडे लागतात, तेही दहा टक्क्यांहून अधिक चढणारे. माझ्याकडे ५८, ५५ आणि ५७ असे तीनच होते. चौथा साधारण ५२ ते ६४ च्या दरम्यान आला असता तर पुढच्या तपासण्या आणि केमोथेरपीची बोलणी सुरू झाली असती. एकदोन आकड्यांवर उपचार सुरू करत नाहीत, कारण उतरता उतरता मध्येच थबकून पुन्हा उतरणारे आकडे पुष्कळ असतात, आणि अशांना केमो दिली तर ती विनाकारण दिल्यासारखी होते.

तो आठवडा कसा गेला ते लिहीत नाही. एवढंच सांगते की त्या आठवड्यात मी घरच्या घरी करायचं प्रेग्नन्सी किट आणलं होतं आणि मॅडमना फोनवर सांगितल्यावर त्यांनी ते वापरू नका म्हणून सांगितलं. ती पट्टी साधारण २५ किंवा त्यावरचाच आकडा ओळखते आणि किती आहे ते सांगतच नाही. ५७ ला दोन रेघा, २१० लाही दोन रेघा. आणि २० ला एकच रेघ दिसली तर माणूस आनंदाने तपासण्या सोडून देतं, जेव्हा पेशी अजून शिल्लक असतात. या कामाला रक्तातला मोजलेला आकडाच हवा.

चौथा आकडा ४१ आला.

मागच्याच्या ७२ टक्के. मग २४, मग १३, मग ७, आणि तेराव्या आठवड्यात ३.२. माझ्या लॅबची मर्यादा ५ होती, म्हणजे पहिल्यांदा तो नॉर्मल झाला. पुढचे दोन आठवडेही नॉर्मल आल्यावर मॅडमनी आठवड्याची तपासणी थांबवून महिन्याची केली.

मला वाटलं, आता गोळ्याही थांबल्या. घरातही तसंच बोलणं सुरू झालं. सासूबाई म्हणाल्या, “नॉर्मल आला ना गं रिपोर्ट? मग आता कशाला थांबायचं?” प्रश्न रास्तच होता आणि मी तो जसाच्या तसा मॅडमना विचारला. ५ च्या खाली याचा अर्थ शून्य असा नाही, त्या म्हणाल्या. तपासणीला दिसत नाही, एवढाच. अगदी थोड्या पेशी उरल्या तर त्यांचं एचसीजी मोजण्याइतकं नसतं, आणि क्वचित त्या महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा डोकं वर काढतात. कम्प्लीट मोलमध्ये आकडा नॉर्मल झाल्यानंतर असं होण्याचं प्रमाण हजारात तीन-चार इतकं कमी आहे, अर्धवट मोलमध्ये त्याहूनही फार कमी. म्हणूनच पूर्वी जी वर्ष-दोन वर्षं थांबवत, ती मुदत आता आखडत आली आहे. अर्धवट मोलमध्ये बऱ्याच ठिकाणी नॉर्मलनंतर महिन्याने एक तपासणी ठीक आली की सोडतात. कम्प्लीट मोलमध्ये कुठे नॉर्मलनंतर तीन महिने थांबायला सांगतात, कुठे सहा. मला त्या सहा म्हणाल्या.

“मग मला तीन का नाही?” मी वाद घातला. मी कुठेतरी वाचून आले होते, आणि ते त्यांना कळलंही.

त्यांनी वही मागितली आणि पिशवी साफ केल्यापासूनचे आठवडे बोटाने मोजले. ज्यांचा आकडा ५६ दिवसांच्या आत, म्हणजे आठ आठवड्यांत नॉर्मल होतो, त्यांना पुढे त्रास होण्याची शक्यता कमी असते. ब्रिटनमधल्या पद्धतीत अशांचे सहा महिने पिशवी साफ केल्याच्या दिवसापासूनच धरतात, म्हणजे त्यांचं थांबणं लवकर संपतं. ज्यांना त्याहून जास्त वेळ लागतो त्यांचे सहा महिने आकडा नॉर्मल झाल्यापासून मोजतात. माझा आठव्या आठवड्याचा आकडा ५७ होता. त्यात मध्ये तो थबकलेला. “तुमच्या बाबतीत मी सहा महिनेच धरणार,” त्या म्हणाल्या, आणि मी पुढे वाद घातला नाही. ज्याची त्याची वही वेगळी असते. मैत्रिणीच्या बहिणीला तीन महिन्यांत सोडलं, मग मला का नाही, या तुलनेत अर्थ नाही.

गर्भनिरोधनाच्या साधनाबद्दलही थोडं सांगते, कारण यावर ऐकीव गोष्टी फार. एचसीजी नॉर्मल होईपर्यंत गोळ्या घेऊ नयेत, त्याने पेशी वाढतात, असं मला दोन जणींनी छातीठोकपणे सांगितलं. पूर्वी डॉक्टरांमध्येही ही शंका होती. नंतर गोळ्या घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या बायकांची तुलना झाली, तेव्हा गोळ्यांमुळे आजार उलटण्याचं प्रमाण वाढत नाही असं दिसलं. मला पिशवी साफ झाल्यावर लगेचच गोळ्या सुरू केल्या होत्या. ज्यांना अर्धशिशी, रक्ताच्या गुठळ्या किंवा रक्तदाबाचा त्रास आहे त्यांना गोळी चालेलच असं नाही, ते आधी सांगायला हवं. गोळीचा एक जादा फायदा मला झाला. पाळी ठरल्या दिवशी येत राहिली, त्यामुळे मध्येच डाग दिसला असता तर तो लगेच वेगळा ओळखता आला असता.

तांबी मात्र आकडा नॉर्मल झाल्याशिवाय बसवत नाहीत. कारण तेच, मऊ झालेली भिंत. तिच्यातून तांबी आरपार जाण्याचा धोका असतो, आणि तांबीमुळे रक्त जास्त गेलं तर ते तांबीमुळे की आजारामुळे, हा आणखी एक घोळ. आकडा एकदा खाली आला की बसवता येते. कंडोम चालतो, पण दर वेळी वापरला तरच, आणि पहिले काही आठवडे जेव्हा मन ठिकाणावर नसतं तेव्हा आमच्या बाबतीत ‘दर वेळी’ची मला खात्री नव्हती. दिवस मोजून राहण्याची पद्धत या काळात पूर्ण बाद. पाळीचं चक्र अजून बसलेलंच नसतं, तर मोजणार कशावरून?

आणि एवढं सगळं सांभाळूनही मध्येच दिवस राहिले तर? हे मी विचारलं नव्हतं, नवऱ्याने विचारलं, आणि उत्तर मला अपेक्षेपेक्षा बरंच दिलासा देणारं वाटलं. लगेच कळवायचं. गर्भ काढूनच टाकावा लागेल असं मुळीच नाही. सोनोग्राफीत गर्भ नीट पिशवीत आहे आणि वाढतो आहे असं दिसलं तर ते गर्भारपण बहुधा पुढे चालू ठेवता येतं आणि बहुतेक नीट पार पडतं. फक्त त्या काळात जुन्या आजारावर नजर ठेवता येत नाही, ही जोखीम दोघांनी समजून घ्यायची.

महिन्याच्या तपासण्यांबद्दल सांगण्यासारखं काही घडलं नाही. आकडा दर वेळी ५ च्या खाली, कधी ‘१ पेक्षा कमी’. कंटाळवाणं झालं तेच उत्तम झालं. एकदा कामाच्या गडबडीत जायचा कंटाळा केला होता, तर नवऱ्यानेच सकाळी गाडी काढून दारात उभी केली. ज्या जणी मध्येच तपासणी सोडतात त्या बऱ्याचदा याच टप्प्यावर सोडतात, असं लॅबमधल्या ताईंनी सांगितलं. रिपोर्ट नॉर्मल येतोय, दंडावर सुई कशाला टोचून घ्यायची, असं वाटतं खरं.

चौथा आकडाही अडकला असता तर काय, हेही मी शेवटी विचारून घेतलं. फुप्फुसाच्या, पिशवीच्या पुन्हा तपासण्या करून गुण देतात. वय, एचसीजी किती, पसरलं आहे का, असे मुद्दे धरून. ६ पर्यंत गुण आले तर सहसा मेथोट्रेक्सेट, फोलिनिक ॲसिडच्या जोडीने. आकडा नॉर्मल झाल्यावरही औषधाच्या आणखी काही फेऱ्या. आणि त्यानंतर दिवस राहू न देण्याची मुदत सहा महिने नव्हे, एक वर्ष, कारण आजार परत उलटलाच तर तो बहुधा पहिल्या वर्षात उलटतो.

सहावा महिना भरल्यावर मॅडमनी शेवटचा रिपोर्ट पाहिला आणि चालू पाकीट संपवून गोळ्या थांबवा म्हणाल्या. पुन्हा द्राक्षगर्भ होण्याची शक्यता साधारण शंभरात एक. म्हणून पुढच्या वेळी पाळी चुकली की वाट न बघता सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी करायची, बाळाचे ठोके दिसले की बाकी सगळं इतरांसारखंच. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी एकदा बीटा-एचसीजी करून घ्या, असंही त्यांनी फाइलवर लिहून दिलं. आता सगळीकडे ते करायला सांगत नाहीत, पण माझा आकडा थबकलेला म्हणून त्यांना ते हवं होतं. मी लॅबचं आणि तपासणीच्या पद्धतीचं नाव त्याच पानावर खाली लिहून ठेवलं आहे.